एसीवाल्याला रोज विचारले जाणारे प्रश्न : एका स्लाइडवर एक उत्तर, मसुदा वाचून सांगा

मुग्धा_चिंचवड

नमस्कार मंडळी,

आमचं चिंचवडला एसी सर्व्हिसिंग आणि दुरुस्तीचं छोटं काम आहे. नवरा आणि हाताखालची दोन मुलं घरोघरी जातात, फोन आणि व्हॉट्सॲप माझ्याकडे. होळी झाली की फोन सुरू होतात ते थेट पाऊस पडेपर्यंत. गंमत म्हणजे (म्हणजे खरंच लक्षात येण्यासारखी गोष्ट म्हणून सांगते) माणसं वेगळी, एसी वेगळे, पण प्रश्न तेच. म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायला एक कॅरोसेल करतेय. एका स्लाइडवर एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर. तीच एकेक स्लाइड सुटी करून व्हॉट्सॲपवर पाठवायची आहे, म्हणजे कोणी 'गॅस संपलाय का' असं विचारलं की फक्त गॅसची स्लाइड द्यायची.

प्रश्न मी मनाने काढलेले नाहीत. गेल्या उन्हाळ्यातली व्हॉट्सॲपची संभाषणं वर सरकवत गेले आणि लोकांनी लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवली. 'कूलिंग कमी झालंय, गॅस संपला असेल ना?' हे सगळ्यात जास्त वेळा. मग 'आतल्या युनिटमधून पाणी गळतंय', 'सर्व्हिसिंग वर्षातून किती वेळा', 'नुसतं बघायला आलात तर पैसे घेता का' आणि 'किती नंबरवर ठेवू म्हणजे बिल कमी येईल'. असे पाच.

पहिल्या दोघांचा मसुदा देते.

> कूलिंग कमी झालंय, गॅस संपला असेल ना?
> बहुतेक वेळा नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधू, मगच गॅस भरू.

> आतल्या युनिटमधून पाणी गळतंय, काय झालं असेल?
> पाणी बाहेर नेणारा पाइप तुंबला असेल. एसी बंद ठेवा आणि आम्हाला फोन करा.

काय कमी आहे, काय जास्त आहे, मोकळेपणाने सांगा. एसीतली माहिती असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही. वाचणारं गिऱ्हाईक हे दुसऱ्या प्रकारातलंच असतं.

---

जुना_मिस्त्री

मुग्धाताई, गॅसची स्लाइड वाचून फार बरं वाटलं. मी आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून आयुष्यभर हेच काम केलं, आता निवृत्त आहे. आपल्या धंद्याची जी बदनामी झाली ती या एका प्रश्नावर झाली. गिऱ्हाइकाच्या तोंडी 'गॅस' हा शब्द आयता असतो आणि काही कारागीर तो लगेच उचलतात. गॅसचं प्रेशर दाखवणारा गेज लावायचा, मान हलवायची आणि बिल फाडायचं.

तुमचं उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. 'बहुतेक वेळा नाही' म्हटल्यावर माणूस विचारणार, मग कूलिंग का कमी झालं? ते त्याच स्लाइडवर आलं पाहिजे. दहातल्या बऱ्याच तक्रारींत फिल्टर आणि आतली कॉइल धुळीने बुजलेली असते, ब्लोअरच्या पात्यांवर काळा थर बसलेला असतो किंवा बाहेरच्या युनिटची जाळी चोंदलेली असते. हवाच पुढे जात नाही, तर गारवा कुठून येणार?

आता मेख इथे आहे. गॅस कमी असला तरी आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि फिल्टर बुजला तरीही धरतो. त्यामुळे 'बर्फ दिसला म्हणजे गॅस गेला' हे खरं नाही. फरक असा ओळखायचा : गॅस कमी असेल तर बर्फ सहसा कॉइलच्या एका भागावरच, जिथून गॅस आत शिरतो तिथे धरतो आणि बाकीची कॉइल कोरडी, कोमट राहते. हवा अडलेली असेल तर कॉइल बऱ्यापैकी सगळीकडे गोठते. म्हणून क्रम ठरलेला असावा. आधी धुवायचं, मग चालवून बघायचं, मग गेज. हा क्रम तुमच्या स्लाइडवर लिहा. गिऱ्हाइकाला तो माहीत असला की त्याला कोणी फसवू शकत नाही, आणि तुमच्या मुलांनाही तो पाळावा लागेल.

---

हिशोबी

चांगला धागा. पण 'गॅस संपत नाही' हे इतकं ठासून लिहू नका असं मला वाटतं. थोडा थोडा तो कमी होतोच. माझ्या गाडीच्या एसीत दर दोन-तीन वर्षांनी गॅस टॉप अप करावा लागतो, गळती कधीच सापडली नाही. घरातल्या एसीचंही तेच असणार, तत्त्व एकच आहे. उद्या एखाद्याचा गॅस खरंच कमी निघाला तर तो तुमचीच स्लाइड तुमच्या तोंडावर धरेल.

---

जुना_मिस्त्री

हिशोबी, गाडीचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, घरच्या एसीला ते लागू होत नाही. गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्याचा दांडा बाहेर आलेला असतो आणि त्याला सील असतं. वर रबरी होज, आणि गाडीची सततची थरथर. तिथून गॅस अगदी सावकाश झिरपतो. घरच्या स्प्लिट एसीत मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच वेल्डिंग केलेल्या डब्यात बंद असतात आणि बाकी सगळा तांब्याचा पाइप. सांधे नीट केलेले असतील तर एसी म्हातारा होईपर्यंत पहिलाच गॅस चालतो.

गळती कुठे होते तेही सांगतो. सगळ्यात जास्त फ्लेअरच्या सांध्यांना. म्हणजे आतलं आणि बाहेरचं युनिट जोडताना पाइपाचं तोंड फाकवून नट कसतात ती जागा. घर बदलताना एसी काढून परत लावला की तिथे हमखास. दुसरी जागा कॉइलची वळणं. आणि गळतीची एक खूण गिऱ्हाइकालाही दिसते : गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं बाहेर येतं, त्यावर धूळ चिकटते. सांध्यापाशी तेलकट काळा डाग दिसला की साबणाचा फेस लावून बघायचं, बुडबुडा येतो.

पण तुमचा शेवटचा मुद्दा मला पटला. 'बहुतेक वेळा' हे शब्द राहू द्या, काढू नका.

---

कोकणी_माणूस

नमस्कार. मी रत्नागिरीला असतो. आमच्या एसीत तिसऱ्या उन्हाळ्यात गॅस भरला आणि आता चौथ्यात परत भरा म्हणतात. कारागीर म्हणतो खारी हवा, इथे असंच चालायचं, दर वर्षी भरायचा. घर मांडवी किनाऱ्यापासून जवळ आहे. मुग्धाताई, तुम्ही रत्नागिरीला येता का? आणि नवा एसी घ्यायचा झाला तर कुठला घ्यावा?

---

मुग्धा_चिंचवड

दादा, आम्ही पिंपरी-चिंचवडच्या बाहेर जात नाही, तुमच्यासाठी नाइलाज आहे. पण तुमचा प्रश्न मी वहीत उतरवला. 'दर वर्षी गॅस भरावा लागतो का' असं आमच्याकडेही विचारतात, तो मी पहिल्या प्रश्नातच गुंडाळला होता. आता वाटतंय तो वेगळा प्रश्न आहे. पहिला विचारणारा फक्त कूलिंगबद्दल बोलतो. दुसऱ्याने आधी एकदा पैसे भरलेले आहेत. त्याला 'फिल्टर धुवा' सांगितलं तर राग येईल. काका, याच्यावर काय सांगता येईल?

---

जुना_मिस्त्री

वेगळाच प्रश्न आहे, ताई. वेगळी स्लाइड करा.

कोकणी_माणूस, खाऱ्या हवेचं कारण खोटं नाही. बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाऱ्या हवेत पांढऱ्या पडून कुसतात आणि तांब्याच्या नळीला बारीक छिद्रं पडतात. मुंबईत खाडी आणि नाल्यांच्या काठी वेगळा त्रास : सांडपाण्यातून येणारा कुजका वायू आतल्या कॉइलचं तांबं काळं करून खातो. पण हवा कारण असली तरी 'दर वर्षी भरायचा' हा त्यावरचा इलाज नव्हे. गॅस छिद्रातून जातोय. छिद्र एखादंच असेल तर ब्रेझिंग करून बुजतं. कॉइलच सगळी कुसली असेल तर एक बुजवलं की दुसरं फुटतं, मग कॉइल बदलायची. कारागिराला सांगा, नायट्रोजन भरून प्रेशर धरून दाखव. काटा उतरला तर गळती आहे, आणि कुठे आहे हे सापडल्याशिवाय गॅसचे पैसे द्यायचे नाहीत.

आणि गॅस भरायचा तोही वजनावर. बाहेरच्या युनिटवर माहितीची पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम हे छापलेलं असतं. गळती काढली की व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून काढायची, मग काट्यावर सिलिंडर ठेवून तेवढे ग्रॅम सोडायचे. इन्व्हर्टर एसीत तर नुसता गेज बघून भरणं म्हणजे अंदाजपंचे, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसं प्रेशर बदलतं. जुन्या एसीत आर २२ असायचा, हल्लीच्या बहुतेक नव्यांत आर ३२. त्याचं प्रेशर बरंच जास्त असतं आणि तो पेट घेऊ शकतो, म्हणून एकाच्या जागी दुसरा भरायचा नाही.

हे सगळं स्लाइडवर घालू नका हां. मी आपलं लिहीत गेलो.

---

अक्षरवेल

मी सांगलीत छपाई आणि डिझाइनचं काम करते. एसीतलं मला कळत नाही, स्लाइडचं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक स्लाइडच्या माथ्यावर प्रश्न पूर्ण लिहिलेला हवाच. पहिल्या पानावर प्रश्नांची यादी आणि पुढे नुसती उत्तरं असं खूप जण करतात. तुम्ही सुटी स्लाइड व्हॉट्सॲपवर पाठवणार, तिथे यादी बरोबर जात नाही. इन्स्टाग्रामवरही कोणी पहिलं पान बघून न सरकवता पुढे गेलं तर पुढच्या वेळी त्याला दुसरं पान दाखवलं जाऊ शकतं. म्हणजे कुठलंही पान कोणासाठी तरी पहिलं असतं. म्हणून धंद्याचं नाव, भाग आणि फोन नंबर प्रत्येक पानावर, खाली, लहान अक्षरात.

मापाचं म्हणाल तर १०८० बाय १३५०, उभं. सगळ्या स्लाइड एकाच मापाच्या, कारण पहिलीचं माप बाकीच्यांना लागतं आणि वेगळ्या मापाची असली की कापली जाते. काठापासून शंभरेक पिक्सेल मोकळे सोडा.

मजकूर चाळीस शब्दांच्या आत. तुमची गॅसची स्लाइड आत्ता तेवढी आहे, मिस्त्रीकाकांचं सगळं घातलं की ती पत्रक होईल. आणि मराठी अक्षरांना ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार किंवा वेलांटी एकमेकांत अडकतात. 'सर्व्हिसिंग' या शब्दावर बघा, रफार, जोडाक्षर, वेलांटी, अनुस्वार सगळं आहे. तो शब्द ज्या ओळीत आहे तिथे अंतर पुरतंय का बघितलं की बाकी सगळीकडे पुरतं. मुक्त किंवा बलू हे टाइप फोनवर स्वच्छ वाचता येतात. कॅलिग्राफीचे टाइप उत्तराला वापरू नका.

फाइल झाली की स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवून जुन्या, चरे पडलेल्या फोनवर उन्हात उभं राहून वाचा. तिथे वाचता आलं तर झालं.

---

निशा_के

माझ्या सासूबाईंना दिसत नाही, त्या फोन बोलका करून वापरतात. चित्रातला मजकूर त्यांचा फोन धड वाचत नाही. त्यांच्या खोलीतला एसी बिघडला की फोन त्याच करतात, मी नाही. तर प्रत्येक उत्तर खाली कॅप्शनमध्येही लिहा, म्हणजे त्यांच्यासारख्यांना ते ऐकता येईल.

आणि पाण्याच्या स्लाइडबद्दल. आमच्याकडे मागच्या वर्षी पाणी गळत होतं, पाइप अजिबात तुंबलेला नव्हता. बाल्कनीत पाइपाखाली बादली ठेवलेली, झाडांना घालायला. बादली भरत आली की पाइपाचं तोंड पाण्यात बुडायचं आणि आत भिंतीवरून धार लागायची. आलेल्या मुलाने पाइप वीतभर कापला, काम दोन मिनिटांत झालं. मग येण्याचे पैसे द्यावे लागले ते वेगळंच. तुमच्या स्लाइडवर 'बादली बघा' एवढं असतं तर फोनच करावा लागला नसता.

---

मुग्धा_चिंचवड

निशाताई, दोन्ही गोष्टी अगदी मनापासून घेतल्या. बादलीचं आमच्याकडेही होतं, पावसाळ्याच्या तोंडाला जास्त, हवा दमट झाली की पाणी खूप निघतं. मी ते लिहिलं नव्हतं कारण आमचा माणूस गेला की तो बघतोच. पण गेल्यावर बघण्यापेक्षा गिऱ्हाइकाने आधीच बघितलेलं बरं. अशा फेऱ्या कमी झाल्या तर मुलं खऱ्या कामाला मोकळी राहतात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे फोन जास्त आणि हात कमी असतात.

अक्षरवेलताई, व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय असतात, त्याला चित्र जोडता येतं. प्रत्येक स्लाइड तिथे भरून ठेवणार आहे. तिरकी रेघ मारून शब्द टाकला की स्लाइड तयार.

पाण्याची स्लाइड नव्याने :

> आतल्या युनिटमधून पाणी गळतंय, काय झालं असेल?
> आधी पाइपाचं बाहेरचं टोक बघा. ते बादलीत बुडालं असेल किंवा पाइप वर वळला असेल तर पाणी मागे येतं. ते ठीक असेल तर फिल्टर काढून धुवा. तरीही गळलं तर एसी बंद करून फोन करा.

---

हिशोबी

फिल्टरचा आणि पाण्याचा काय संबंध? ते वाक्य चुकून आलंय का?

---

जुना_मिस्त्री

संबंध आहे. फिल्टर बुजला की कॉइलवर बर्फ धरतो हे वर लिहिलं. तो वितळताना पाणी तबकात न पडता पुढच्या बाजूने टपकतं, बर्फाचे तुकडेही पडतात. म्हणून कुठून गळतंय ते विचारा, ताई. पुढच्या फटीतून, हवेबरोबर शिंतोडे येत असतील तर बर्फ. खालच्या कडेने किंवा भिंतीला लागून येत असेल तर तबक भरलंय, म्हणजे पाइप तुंबलाय किंवा त्याला उतार नाही. पाइपात शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो, तो ब्लोअरने फुंकून किंवा पाण्याच्या जोराने काढावा लागतो. भिंतीच्या भोकातून नुसता ओलावा असेल तर तांब्याच्या पाइपावरचा काळा फोम फाटलेला असतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं.

गिऱ्हाइकाला फोटो पाठवायला सांगितलं की घरी बसूनच अर्धं निदान होतं. 'फोन करा'च्या जागी 'गळती दिसेल असा फोटो पाठवा' असं लिहा.

---

चोखंदळ

आतापर्यंत सगळे गॅस आणि पाण्यावरच बोलले, जो प्रश्न मला गिऱ्हाईक म्हणून सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्यावर कोणीच बोललं नाही. 'नुसतं बघायला आलात तर पैसे घेता का?' मुग्धाताई, याचं उत्तर आकड्यासकट स्लाइडवर हवं. 'वाजवी दर', 'कामाप्रमाणे' असलं काही वाचलं की मी पुढचा नंबर शोधतो. मला साध्या गोष्टी कळायला हव्यात : येण्याचे किती, काम केलं तर ते बिलातून वजा होतात की नाही, आणि मी काम नको म्हटलं तर किती.

---

अक्षरवेल

आकडा चित्रात नको. पोस्ट टाकल्यावर चित्र बदलता येत नाही, कॅप्शन बदलता येतं. आज लिहिलेला दर पुढच्या वर्षीही त्या चित्रात तसाच राहणार. शिवाय सुटी स्लाइड लोकांच्या गटांत फिरत राहते, ती तुमच्या हातातच नसते. माझ्या एका गिऱ्हाइकाचं दरपत्रक त्याने दर वाढवल्यावरही सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होतं, रोज वाद. स्लाइडवर नियम लिहा, आकडा कॅप्शनमध्ये.

---

चोखंदळ

मग चित्रावर तारीख घाला, 'एप्रिलपासूनचे दर' म्हणून. पुढच्या वर्षी नवी पोस्ट करा. वर्षातून एकदा एक चित्र बदलणं हे काही अवघड काम नाही. आकडा कॅप्शनमध्ये ढकलला की तो व्हॉट्सॲपवर माझ्यापर्यंत पोचणारच नाही, कारण तिथे तुम्ही फक्त चित्र पाठवणार आहात. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्यालाच आकडा दिसणार नाही.

---

जुना_मिस्त्री

दोघांचंही म्हणणं रास्त आहे. माझा अनुभव असा की सर्व्हिसिंगचा दर छापावा, कारण ते काम ठरलेलं असतं. गॅसचा छापू नये. किती ग्रॅम जाणार, ब्रेझिंग लागणार का, बाहेरचं युनिट सातव्या मजल्याच्या भिंतीवर लटकतंय का, यावर सगळं अवलंबून. गॅसचा एक आकडा छापलात की लोक तोच धरून बसतात आणि कारागीर तेवढ्यात बसवायला गळती न काढता गॅस भरून मोकळा होतो.

---

मुग्धा_चिंचवड

यावर घरात बोलावं लागेल. नवऱ्याचं म्हणणं आकडा नकोच, त्याला वाटतं समोरचा दहा ठिकाणी भाव करतो. मला चोखंदळ यांचं पटतंय, निदान येण्याच्या पैशांपुरतं. दर पटला नाही तर तो माणूस फोनच करणार नाही, पण जो करेल तो दाराशी येऊन वाद घालणार नाही. सध्या नियम लिहिते : 'तपासणीचं शुल्क आधी फोनवर सांगतो. काम केलं तर ते बिलातून वजा.' आकड्याचं ठरलं की कळवते.

बिलाच्या प्रश्नावर मसुदा :

> किती नंबरवर ठेवू म्हणजे बिल कमी येईल?
> २४ ते २६, सोबत पंखा मंद. १६ वर ठेवून खोली लवकर गार होत नाही.

---

हिशोबी

इथे मात्र मी ठाम आहे. माझ्या इन्व्हर्टर एसीला १६ वर ठेवलं की आवाज वाढतो, हवा जोरात येते, खोली लवकर गार होते. रोजचा अनुभव आहे.

---

जुना_मिस्त्री

तुमच्या एसीपुरतं थोडं तथ्य आहे. जुन्या, एकाच वेगाच्या कॉम्प्रेसरला १६ काय आणि २४ काय, तो सुरू झाला की पूर्ण वेगानेच चालतो. आकडा फक्त थांबायचं कधी ते सांगतो. इन्व्हर्टर मात्र फरक किती आहे ते बघून वेग ठरवतो. पण खोली ३५ ला तापलेली असताना २४ लावले तरी फरक मोठाच असतो, तोही सुरुवातीला जोरातच पळतो. १६ चा परिणाम नंतर दिसतो : तो दमच घेत नाही. पुष्कळ घरांत खोली १६ ला जातच नाही, रात्रभर मीटर फिरतो.

ताई, एक भर घाला. ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगच्या रूम एसींना सुरुवातीचं तापमान २४ च ठेवायला लावलंय. त्यांच्याच हिशेबाने एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. 'आम्ही सांगतो म्हणून' यापेक्षा हे लोक लवकर ऐकतात. आणि दुसरं वाक्य 'फारशी लवकर गार होत नाही' असं करा, म्हणजे हिशोबींचंही समाधान होईल.

---

हिशोबी

'फारशी' चालेल. पण आज संध्याकाळी घड्याळ लावून बघणार आहे, एकदा २४ आणि उद्या १६.

---

मुग्धा_चिंचवड

सगळ्यांचं वाचून गॅसच्या दोन स्लाइड केल्या. बाकीच्या अशाच वळणाने होतील.

> कूलिंग कमी झालंय, गॅस संपला असेल ना?
> बहुतेक वेळा नाही. गॅस वापरून संपत नाही. आधी फिल्टर धुवा आणि बाहेरच्या युनिटसमोर काही अडकलंय का बघा. फरक नाही पडला तर आम्ही येतो : आधी धुणं, मग चालवून बघणं, शेवटी गेज.

> मागच्या वर्षी गॅस भरला होता, परत भरायचा?
> म्हणजे गळती राहून गेली. पाइपाच्या सांध्यापाशी तेलकट काळा डाग दिसतो का बघा. आम्ही गळती शोधून तुम्हाला दाखवतो, ती बंद करतो आणि मगच बाहेरच्या युनिटवर छापलेल्या वजनाइतका गॅस भरतो.

सर्व्हिसिंगच्या प्रश्नाला घरातल्या वापराप्रमाणे उत्तर लिहिलंय : फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरवड्याला तुम्हीच धुवा, पाण्याच्या जेटचं सर्व्हिसिंग वर्षातून एकदा उन्हाळ्याआधी. दिवसभर एसी चालत असेल किंवा शेजारी बांधकाम असेल तर दोनदा. आमच्याकडे मोशी, ताथवडे, पुनावळे या बाजूला इमारती उभ्या राहतायत, तिथल्या कॉइल सहा महिन्यांत मातीने लिंपून निघतात. म्हणून तो शब्द मुद्दाम घातला.

क्रम तोच, सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न आधी. पहिलं पान वेगळं नको असं वाटतंय, गॅसचा प्रश्नच पहिलं पान. अक्षरवेलताई, चालेल ना?

---

अक्षरवेल

उत्तम चालेल. प्रश्न मोठ्या अक्षरात ठेवा, तोच मथळा. 'आम्ही देतो विश्वासार्ह सेवा' असल्या पानाची गरजच नाही. पोस्ट झाली की प्रोफाइलवर पिन करा, तिथे तीन पोस्ट वर ठेवता येतात. प्रोफाइलच्या चौकटीत पहिल्या पानाच्या कडा थोड्या कापल्या जातात, तेव्हा प्रश्नाच्या ओळी मधोमध घ्या. गॅसच्या पहिल्या स्लाइडवरचं 'आधी' दोनदा आलंय, एक काढता आलं तर बघा.

---

जुना_मिस्त्री

पाण्याच्या स्लाइडवर एक बदल राहिला. 'एसी बंद करून' असं आहे. बर्फ दिसत असेल तर कूलिंग बंद करून नुसत्या फॅन मोडवर तासभर चालवायला सांगा, म्हणजे बर्फ आपोआप वितळतो आणि तुमचा माणूस पोचेपर्यंत कॉइल मोकळी असते. गोठलेल्या कॉइलवर गेलं तर अर्धा तास नुसतं थांबावं लागतं. आणि कोणी स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नये, हे आवर्जून लिहा. नळी फुटते. त्यातून गॅस गेला की मग तो खरोखरच भरायचा प्रश्न येतो. पाणी स्विचबोर्डाकडे ओघळत असेल तर मात्र थेट मेन स्विच बंद.

---

मुग्धा_चिंचवड

दोन्ही घेतले. चाळीस शब्दांत बसत नाहीये, म्हणून बर्फाची वेगळी स्लाइड करते : 'एसीत बर्फ धरलाय, काय करू?' वहीत शोधलं तर हाही प्रश्न लोकांनी विचारलेला आहेच, मी तो पाण्यात धरला होता. म्हणजे आता सात झाल्या.

---

कोकणी_माणूस

काका, तुम्ही सांगितलं तसं कारागिराला नायट्रोजनचं विचारलं. म्हणाला सिलिंडर नाही, मागवावा लागेल, पुढच्या आठवड्यात येतो. बाहेरच्या युनिटच्या मागे, खालच्या वळणापाशी तेलकट डाग मलाच दिसला. फोटो काढून ठेवलाय. कॉइल बदलायची वेळ आली तर नव्या कॉइलला गंजू नये म्हणून लेप लावून मिळतो असं इथे एकाने सांगितलं. किनाऱ्यावर तो कितपत टिकतो, कोणाचा अनुभव आहे का?